गेमिंग पीसीचं वीजबिल: ब्राँझ पीएसयू काढून गोल्ड घेतला तर खरंच फरक पडेल का?

मदत हवी आहे. पीसी रोज ५ तास गेमिंगला चालतो, पीएसयू ६५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ आहे. वॉटमीटर लावून बघितलं तर गेम चालू असताना भिंतीच्या सॉकेटमधून ४०० वॉट खेचतोय (मॉनिटर वेगळा), म्हणजे दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०.

आता माझा हिशोब असा की ब्राँझ साधारण ८५ टक्के धरला तर पार्ट्सना ३४० वॉट मिळतात आणि बाकीची उष्णता होते, गोल्ड ९० टक्के धरला तर त्याच कामाला ३७८ वॉट लागतील, म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वातीन युनिट वाचणार. उलट एफपीएस ६० वर लॉक केल्यावर मीटर २८० वर आला, तिथे थेट १८ युनिट वाचतात! पण स्पर्धात्मक गेममध्ये लॉक चालत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड बदलायचं नाहीये.

अडलंय इथे: गेमिंग सोडून आणखी ६-७ तास पीसी ७० वॉटवर नुसता चालू असतो, आणि ब्राँझ-गोल्डची टेस्ट २०, ५० आणि १०० टक्के लोडलाच होते. मग इतक्या कमी लोडला गोल्ड प्रत्यक्षात किती वॉट वाचवतो, कोणी मोजलंय का?