कोड्यातला थांबा

«कोड्याच्या व्हिडिओत विचार करायला किती सेकंद द्यावेत? लोक उत्तराआधीच निघून जातात.»

'कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी' हे कोडं घ्या. ते सावकाश म्हणा आणि ओळी पडद्यावर तशाच राहू द्या; त्या पुसल्या की प्रेक्षक विचार सोडून आठवत बसतो. ओळी वाचून झाल्यावरच आकडे सुरू करा. मी पाच सेकंद देतो. पहिले दोन अगदी शांत, मग तीन, दोन, एक असे ठोके. एकनंतर अर्धा सेकंद पूर्ण शांतता. उत्तर लगेच बोलू नका. पाटावर लसणाचा गड्डा, त्यावर मूठ आपटते, पाकळ्या चौफेर उडतात. 'लसूण' हा शब्द त्यानंतर. बुक्की आणि लेकी दोन्ही डोळ्यांसमोर उलगडतात, वेगळं समजावावं लागत नाही.