मदत हवी आहे: समवृत्ती वक्र किंमत रेषेला टेकतो तिथेच सर्वाधिक समाधान का?

परभणी_बीए
समवृत्ती वक्र म्हणजे दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या, किंमत रेषा म्हणजे सगळे पैसे खर्चून येणाऱ्या जोड्या, आणि वक्र रेषेला टेकतो तिथे सर्वाधिक समाधान, एवढं पाठ आहे. पण वक्र रेषेला छेदतो तो बिंदूही रेषेवरच असतो, म्हणजे तोही परवडतो. मग तो का नाही? सरांचं गणित असं: ९६० रुपये, ज्वारी ४० रुपये किलो, तूरडाळ १२०. समाधान म्हणजे ज्वारीचे किलो गुणिले डाळीचे किलो. उत्तर १२ किलो ज्वारी, ४ किलो डाळ. उत्तर येतं, कारण कळत नाही.

गोदाकाठ
सोपंय. तिथं सगळे पैसे खर्च होतात, शिल्लक काही राहत नाही.

परभणी_बीए
दादा, १८ किलो ज्वारी आणि २ किलो डाळ घेतली तरी ९६०च होतात की.

जुना_मास्तर
गोदाकाठ, पैसे संपणं लागतंच, पण त्यानं फक्त रेषेवर पोचता येतं. रेषेवर कुठं थांबायचं ते वक्र सांगतो.
बाळ, तुझ्या १८ आणि २ वरच थांब. गुणाकार ३६. याच वक्रावर १२ ज्वारी, ३ डाळ हाही बिंदू आहे. म्हणजे तिसऱ्या किलो डाळीसाठी हा माणूस ६ किलो ज्वारी सोडायला राजी आहे. दुकानदार मात्र १२० रुपयांच्या डाळीपायी ३ किलोच ज्वारी सोडायला लावतो. सौदा केला की हातात १५ आणि ३, गुणाकार ४५. खर्च तेवढाच, वक्र वरचा. छेद असला की मन एक भाव सांगतं, बाजार दुसरा, आणि त्या फरकात अदलाबदलीला जागा उरते. १२ आणि ४ वर दोन्ही भाव ३ ला ३ जुळतात. तो ४८ चा वक्र रेषेला नुसता टेकतो, त्याच्या वरचा रेषेपर्यंत पोचतच नाही.

परभणी_बीए
३६ चा वक्र रेषेला ६ आणि ६ वरही छेदतो. तिथं उलटं करून पाहिलं: एक किलो डाळ कमी, ३ किलो ज्वारी जास्त, ९ गुणिले ५ म्हणजे ४५. दोन्हीकडून मधेच ढकललं जातंय!

तुरीचं_शेत
आमच्याकडं ज्वारी घरचीच. विकत फक्त डाळ. मग आमची रेषा कुठून काढायची?

जुना_मास्तर
घरची ज्वारी मोंढ्यावर विकता येते, म्हणून ती फुकट धरू नका. घरची ज्वारी आणि जवळच्या रोकडीत येणारी डाळ, या बिंदूतून रेषा जाते. विकायचा भाव कमी आणि घ्यायचा जास्त असेल तर तिथंच रेषेला कोपरा पडतो. वक्र त्या कोपऱ्याला टेकला तर उतार जुळायलाच हवेत असं नाही.

तुरीचं_शेत
घ्यायचा अन् विकायचा भाव आमच्याकडं कधी एक असतो? मग आम्ही सगळेच कोपऱ्यावर का?

गोदाकाठ
सगळे नसतील. ज्याचं पीक जास्त तो विकणारच ना.

परभणी_बीए
कोपरा आमच्या अभ्यासक्रमात आहे का, कुणाला माहीत आहे?