नखाची बुरशी: गोळ्यांचा कोर्स संपला, नख अजून पिवळंच. पुढे काय?

अनघा: बाबांच्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं झालंय, कापताना भुसा पडतो. नखाचा तुकडा तपासला, बुरशीच निघाली. लिव्हरची तपासणी करून डॉक्टरांनी टर्बिनाफिन 250 मिग्रॅ रोज एक अशी 12 आठवडे दिली. आता मुळाशी थोडंसं चांगलं नख दिसतंय, पुढचं सगळं तसंच आहे. औषध लागू पडलं नाही का? हे पूर्ण बरं तरी होतं का?

रानवारा: गोळ्या थांबवायलाच नको होत्या. नख साफ होईपर्यंत घ्यायच्या असतात.

सुहास_त्वचा: ग्रिसिओफल्विन तसं देत असत. टर्बिनाफिन नखात मुरतं आणि गोळ्या थांबल्यावरही काही महिने टिकतं. अनघाताई, पिवळा भाग औषधाने पुन्हा स्वच्छ होत नाही, तो वाढत पुढे येऊन कापला जावा लागतो. अंगठ्याचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटर वाढतं, उतारवयात त्याहून कमी. म्हणजे पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष धरा.

चांगलं आणि पिवळं नख जिथे भेटतं तिथे कानशीने वरवर बारीक रेघ ओढा आणि दर महिन्याला फोटो काढा. (मधुमेह असेल तर रेघ नको, फोटोच काढा.) रेघ पुढे सरकली आणि तिच्या मागचं नख स्वच्छ राहिलं, तर औषध काम करतंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर बुरशी जिवंत आहे.

मृणाल: मी बरेच महिने अमोरोल्फिनचं लॅकर लावलं, काडीचाही फरक नाही. शेवटी तपासणी केली तर बुरशी नव्हतीच, बुटाच्या दाबाने नख जाड झालं होतं. लॅकरच्या नादी लागू नका.

सुहास_त्वचा: तुमच्या बाबतीत निदान चुकलं, त्यात लॅकरचा दोष नाही. मुळापर्यंत न पोचलेल्या बुरशीला ते चालतं.

पूर्ण बरं होण्याबद्दल: टर्बिनाफिनच्या चाचण्यांत 48 आठवड्यांनी साधारण 70 टक्के लोकांच्या नखात बुरशी सापडली नाही. पण बुरशीही नाही आणि नखही पूर्ण स्वच्छ, असे 38 टक्केच होते. बुरशी गेली तरी वर्षानुवर्षं जाड राहिलेलं नख वेडंवाकडं राहू शकतं. पुन्हा होण्याचं प्रमाणही बरंच आहे, म्हणून बोटांच्या बेचक्यात खाज किंवा साल निघत असेल तर त्यावरही क्रीम लावा.

अनघा: मधुमेह नाही. रेघ ओढते. पण नखाच्या कडेने एक गडद पिवळा पट्टा थेट मुळापर्यंत गेलाय, तिथे चांगलं नख दिसतच नाही.

सुहास_त्वचा: हे आधी सांगायला हवं होतं. अशा पट्ट्यात बुरशीचा घट्ट गठ्ठा असू शकतो आणि त्यात औषध नीट शिरत नाही. तेवढा भाग डॉक्टरांकडून खरवडून किंवा कापून घ्यावा लागतो, घरी कोरू नका. दुसरा कोर्स लागेल का, हे पट्टा काढल्यावर दोन-तीन महिन्यांच्या फोटोंवरून ठरवता येईल.

रानवारा: पट्टा काढताना दुखतं का?