मदत हवी आहे: वाढदिवसाचा जरा चावट मेसेज, उद्या सकाळपर्यंत

वेंगुर्ल्याची_लाट: उद्या वाढदिवस आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, त्यामुळे "हॅपी बर्थडे डिअर" नको. वयावरून फिरकी घ्यायचीय, पण गालात हसू यावं, तोंड फुगू नये. नेटवरचं सगळं "म्हातारपण आलं"वर संपतं. लवकर सुचवा.

हापूसवाला: वहिनींना लिहा, "साल सुरकुतली की हापूस गोड होतो." आमच्या देवगडात याहून मोठं कौतुक नाही.

सोलकढी: बाईमाणसाला सुरकुत्या? पडवीत झोपाल. शिवाय कोवळा उतरवलेला आंबाही सुरकुततो, आणि आंबटच राहतो.

हापूसवाला: तो अढीत नीट पिकवलेला नसतो.

सोलकढी: कोवळ्या आंब्याला अढी काय करणार? आणि ऐन जुलैत हापूस कुठला?

वेंगुर्ल्याची_लाट: अहो, वहिनी मीच! वाढदिवस नवऱ्याचा आहे. ४६ पूर्ण.

मालवणी_मसालो: घोवाक मेसेज कित्याक? कोंबडी-वडे घाल.

खोडसाळ_काकू: तो स्वतःच्या कुठल्या गोष्टीवर स्वतः हसतो? त्यावरच लिहा. माणूस जे लपवतो त्यावरचा विनोद टोचतो. केस रंगवत असेल तर केसांचं नाव नको. आणि मेसेज फक्त त्याला, की घरच्या ग्रुपवर?

वेंगुर्ल्याची_लाट: फक्त त्याला. केस रंगवतो, हो! हसतो ते चाळिशीवर. हॉटेलचं बिल लांब धरून वाचतो आणि म्हणतो, "हात आखूड झालेत."

खोडसाळ_काकू: मग झालंच की. चाळिशीत लांबचं दिसतं, जवळचं धूसर होतं. त्यातच चावटपणा आहे:

"आखूड हातवाल्या, ४६ झाले! पण जवळ आलास की मी तुला धूसर दिसते, म्हणजे मी कायमची तिशीतली. आज चष्मा बाहेर ठेवूनच ये. कुठे काय आहे ते मी सांगेन."

टोला आधी, मग थोडा स्वतःवर घेतला, आणि शेवटी आमंत्रण. पुढे "तरी माझ्यासाठी तू तरुणच" असलं काही जोडू नका, विनोदाची माफी मागितल्यासारखं होतं.

हापूसवाला: मी बायकोला पन्नाशीला काठी दिली होती. खूप हसली.

सोलकढी: समोर हसली असेल.

वेंगुर्ल्याची_लाट: काकू, भारी! फक्त शेवटची ओळ... त्याचा फोन जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो आणि सासूबाईंची नजर अजून शाबूत आहे.

खोडसाळ_काकू: ती ओळ फोनवर नको. चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहून चष्म्याच्या डबीत ठेवा.

हापूसवाला: पण चष्मा बाहेर ठेवायचा ना? मग चिठ्ठी वाचणार कशी?

मालवणी_मसालो: वडे करतलंस तर पीठ आजच भिजव गो.