मदत हवी आहे: जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट जुळत नाहीत

मुलीला जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करायचाय. आम्ही फोंड्याचे. जन्मदाखल्यावर आडनाव NAIQUE (आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावरून आलेलं) आणि जन्मतारीख 09/03/2002. दहावीचं प्रमाणपत्र आणि त्यावरून काढलेला पासपोर्ट, दोन्हीवर NAIK आणि 03/09/2002. फॉर्म भरताना कोणीतरी दिवस-महिना उलटा केला, आम्हीही डोळे झाकून सही केली.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला, त्यात 9 मार्चच आहे. म्हणजे तारखेची चूक शाळेनंतरची. दोन्ही आडनावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून केलंय, पण काउंटरवर सांगितलं की त्याने मूळ कागद बदलत नाही. बारावी आणि पदवीच्या कागदांवरही NAIK आहे, त्यामुळे NAIK हेच ठेवायचंय. एजंट नको.

आधी शाळेमार्फत बोर्डाकडून तारीख दुरुस्त करून मग पासपोर्ट री-इश्यू, हा क्रम बरोबर ना? आणि NAIQUE चं NAIK करणं सिव्हिल रजिस्ट्रारकडे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली स्पेलिंग-दुरुस्ती म्हणून झालं, की गोव्याच्या 1990 च्या नाव-आडनाव बदल कायद्यानेच करावं लागलं? हल्ली कोणी केलंय का?