विक्रेता नेमणुकीच्या पत्रातील “मार्जिन”, “परिसर” आणि “उचल”

प्रश्न (रंग कारखान्याचा विक्री विभाग, कुपवाड) :
नवे विक्रेते नेमण्यासाठी आमच्याकडून जाणाऱ्या पत्रात पुढील वाक्य कित्येक वर्षे तसेच आहे : “विक्रेत्यास आकर्षक मार्जिन व संपूर्ण सहकार्य दिले जाईल, आपल्या परिसरात प्राधान्य राहील आणि समाधानकारक उचल अपेक्षित आहे.” पत्र वाचलेला प्रत्येक दुकानदार फोन करून नेमके याच चार गोष्टींविषयी विचारतो, म्हणून हे वाक्य मोडून नव्याने लिहायचे आहे. “आकर्षक” काढून मी “२०% नफा” असे लिहिले आहे. “मार्जिन”ऐवजी “नफा” चालेल का?

उत्तर (हार्डवेअर दुकानदार, विटा) :
ताई, नफा लिहू नये. गाळ्याचे भाडे, नोकराचा पगार आणि हमाली वजा जाता जे उरते तो नफा, आणि तो माझा मलाच वर्षअखेरीस कळतो. कंपनी देते ते मार्जिन, म्हणजे डब्यावरची छापील किंमत आणि आमची खरेदी यांतील फरक. डबा ९४४ रुपयांना पडला आणि छापील किंमत ११८० असेल, तर २३६ रुपये सुटले.

उत्तर (कर सल्लागार, मिरज) :
नफा आणि मार्जिन यांतील भेद आपण अचूक सांगितलात, परंतु २३६ हा आकडा बरोबर नाही. रंगावर १८% जीएसटी आहे. ११८० मध्ये १८० रुपये कर आहे आणि ९४४ मध्ये १४४ रुपये. ग्राहकाकडून घेतलेल्या १८० मधून खरेदीवर दिलेले १४४ वजा करून उरलेले ३६ रुपये आपल्याला भरावेच लागतात, म्हणून हाती राहतात ते २०० रुपये. २३६ ला ११८० ने भागले तरी २०% येतात आणि २०० ला १००० ने भागले तरी २०% येतात, त्यामुळे ही गल्लत टक्क्यांत दिसत नाही, रुपयांत दिसते.

त्याहून मोठी अडचण “कशावर २०%” ही आहे. तेच २०० रुपये ८०० च्या खरेदीवर मोजले तर २५% होतात. उलट एखाद्याने “२०%” हे खरेदीवरचे समजले, तर तो १६० रुपयांचाच हिशेब करून दुसऱ्या कंपनीकडे जाईल. म्हणून टक्क्यांच्या आधी “करविरहित विक्री किमतीवर” हे शब्द हवेतच, आणि खाली एका डब्याचा हिशेब रुपयांत द्यावा. हा हिशेब नियमित नोंदणी असलेल्या दुकानाचा आहे. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, हेही तेथेच नमूद करावे.

उत्तर (शेतकरी, वाळवा तालुका) :
माझ्या पुतण्याला असे दुकान काढायचे आहे. कंपनी विक्रेत्याला उचल किती देते आणि ती हप्त्याने फेडायची असते का?

उत्तर (विटा) :
काका, येथे कंपनी पैसे देत नाही. येथे उचल म्हणजे विक्रेत्याने महिन्याला घ्यायचा माल. पण आपल्याकडे उसाची पहिली उचल म्हणजे हातात येणारे पैसे, त्यामुळे काकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पत्रात “किमान मासिक खरेदी” लिहावे आणि ती न झाल्यास काय होणार, तेही लिहावे. “समाधानकारक” या शब्दावर माझे एका कंपनीशी दोन वर्षे बिनसले होते. “संपूर्ण सहकार्य” याचीही तीच गत : शेड तयार करण्याचे मशीन कोणाच्या मालकीचे, अनामत किती आणि बिघडल्यास किती दिवसांत माणूस येणार, एवढे लिहिले तरी पुरे.

उत्तर (निवृत्त महसूल कर्मचारी, सांगली) :
“परिसर” काढून तालुका लिहाल, तर एक लक्षात ठेवावे. सांगली शहर मिरज तालुक्यातच येते. मिरजेच्या विक्रेत्याला “मिरज तालुका” लिहून दिलात, तर सांगलीची पेठही त्यालाच दिल्यासारखे होईल. गावांची आणि शहरांची नावेच लिहावीत. शिवाय “प्राधान्य” म्हणजे दुसरा विक्रेता नेमणार नाही असे, की नेमण्यापूर्वी विचारू असे?

प्रश्नकर्ती :
सर्वांची आभारी आहे. सुधारलेला मजकूर असा : “करविरहित विक्री किमतीवर २०% मार्जिन मिळेल, म्हणजे १००० रुपयांच्या (कर वेगळा) डब्यामागे २०० रुपये. ग्राहकास किंवा रंगाऱ्यास दिलेली सूट यातूनच जाईल. विक्री क्षेत्र सोबतच्या यादीतील गावांपुरते असेल. किमान मासिक खरेदी सलग तीन महिने न झाल्यास कंपनी त्या क्षेत्रात दुसरा विक्रेता नेमू शकेल.” मशीनचे कलम मालकांशी बोलून लिहीन. “प्राधान्य” मात्र अजून अडले आहे : मालकांना “एकमेव विक्रेता” लिहायचे नाही आणि “अधिकृत विक्रेता” लिहिले की कोणतेच आश्वासन उरत नाही.

उत्तर (विटा) :
मग ती ओळ काढून टाका, ताई. मी तरी क्षेत्राच्या यादीवर आणि त्या तीन महिन्यांच्या अटीवर सही करीन.

उत्तर (मिरज) :
मला हे पटत नाही. नुसती यादी दिली, तर त्या गावांत दुसरा कोणी नसेल असाच अर्थ विक्रेता काढेल. “पहिले तीन महिने दुसरा विक्रेता नेमला जाणार नाही” एवढे तरी स्पष्ट हवे.