मदत हवी आहे : बेरीबेरीत पाय सुजतात का? आज संध्याकाळी ६ पर्यंतच वेळ आहे

घाईतली_सिस्टर, सकाळी ११:०२
कोणी मेडिकलचं आहे का इथे? जोड्या लावा प्रश्नात पायाला सूज आणि धाप हे लक्षण बेरीबेरीला लावलंय. हे चूक आहे ना? सूज तर प्रथिनांच्या कमतरतेने येते. बेरीबेरी म्हणजे नसा कमजोर, मुंग्या, चालता न येणं, असंच शिकवलं होतं आम्हाला. कृपया हो किंवा नाही एवढंच सांगा. घाईत आहे.

नवी_पेठ_अभ्यासिका, ११:०९
कसली परीक्षा? पूर्ण प्रश्न टाका की. अर्ध्या प्रश्नाला हो-नाही कसं सांगणार?

भातखाऊ, ११:१५
बेरीबेरी हा भात खाणाऱ्यांचा रोग. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाल्ला की होतो. आमच्याकडे कोकणात उकडा तांदूळ खातात, म्हणून कोणाला झालेला ऐकला नाही. उकड्याला कोंडा असतो, त्यात सगळी ताकद. पुण्यात आलो आणि घरचे आंबेमोहोरावर घसरले. ताई, उकडा खा, पेपरात आपोआप मार्क पडतील :)

सिंहगडरोड_त्रस्त, ११:२१
रातांधळेपणाचा धागा दिसला म्हणून विचारतो. रात्री समोरच्या गाडीचा लाइट आला की मला दोन सेकंद काहीच दिसत नाही. वय ५६. जीवनसत्त्व अ च्या गोळ्या कोणत्या घ्याव्यात?

घाईतली_सिस्टर, ११:२४
काका, हा रातांधळेपणाचा धागा नाही.

आणि उकड्याचं मी विचारलंच नाही. सूज येते का, एवढंच विचारलंय.

वॉर्डातला_म्हातारा, ११:४०
येते. तिला ओली बेरीबेरी म्हणतात. तुम्ही सांगताय ती कोरडी. पण धाप आणि सूज यकृत, मूत्रपिंड, हृदय, रक्तक्षय, कशानेही येते. प्रश्नात आणखी काय लिहिलं होतं? रुग्ण मूल की मोठा माणूस? रिफ्लेक्सबद्दल काही होतं का? पर्याय किती?

प्रोटीन_फर्स्ट, ११:४६
सूज म्हणजे अल्ब्युमिन कमी, विषय संपला. प्रथिनं कमी पडली की पाणी रक्तातून बाहेर झिरपतं. सिस्टर, तुम्ही बरोबर आहात. उत्तरसूची चुकीची असते, मी दोनदा बघितलंय.

घाईतली_सिस्टर, १२:०५
बरं, हा पूर्ण प्रश्न. स्टाफ नर्सची भरती परीक्षा आहे. पहिली उत्तरसूची आलीये आणि आक्षेप आज ६ वाजेपर्यंत घ्यायचाय. प्रत्येक प्रश्नाला पैसे भरावे लागतात, म्हणून इथे विचारतेय.

तीन आजार : रातांधळेपणा, बेरीबेरी, स्कर्व्ही. चार वर्णनं, एक जास्तीचं :
१) संध्याकाळनंतर ठेचकाळतो, बुबुळाच्या बाजूला फेसासारखा चट्टा
२) ४२ वर्षांचा पुरुष, रोज दारू, पायांवर सूज, धाप, हात गरम, नाडी जोरात, घोट्याचे रिफ्लेक्स नाहीत
३) केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके, केस पिळवटलेले, जुनी जखम पुन्हा उघडली
४) तळपायांची आग, रात्री जास्त

मी बेरीबेरीला ४ लावलं आणि २ जास्तीचं धरलं. सूचीत बेरीबेरीला २ आहे.

नवी_पेठ_अभ्यासिका, १२:०८
एवढं सगळं गाळून "हो की नाही" विचारत होतात होय!

घाईतली_सिस्टर, १२:१०
मला वाटलं सूज हाच मुद्दा आहे. बाकीचं त्यात आलंच.

वॉर्डातला_म्हातारा, १२:३८
सिस्टर, बाकीचंच तर सगळं आहे. सूज क्षणभर बाजूला ठेवा आणि हात बघा. प्रथिनांच्या उपासमारीत माणूस थंड पडतो, नाडी क्षीण असते. साध्या हार्ट फेल्युअरमध्येही हात बहुधा गारच. इथे हात गरम आणि नाडी जोरात. ब१ नसलं की पेशींना साखरेतून ऊर्जा नीट काढता येत नाही, अंगभर रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय दुप्पट पंप करत राहतं आणि तरी मागे पडतं. त्यातून सूज येते. अल्ब्युमिन ठीक असतानाही येते. आणि घोट्याचा रिफ्लेक्स गेलाय म्हणजे नसाही गेल्यात. हृदय आणि नसा एकाच माणसात एकाच वेळी, वर दारूचा इतिहास. दुसरं काय लावणार?

माझ्या नोकरीतला एक रुग्ण सांगतो, हडपसरकडचा, रात्रपाळीचा वॉचमन. जेवण म्हणजे बाटली आणि वर थोडा भात. दुसरीकडे हृदयाचा रोग समजून लघवीच्या गोळ्या चालू होत्या, सूज हलत नव्हती. अशक्तपणा वाटला म्हणून तिथेच कोणीतरी ग्लुकोजची बाटली लावली आणि त्या रात्री तो बरळायला लागला, डोळे थरथरायला लागले. साखर जाळायला ब१ लागतं. होतं तेवढं त्या बाटलीने संपवलं. आमच्याकडे आल्यावर मी त्याला उकिडवं बसवलं, तर हाताने जमीन ढकलल्याशिवाय उठता येईना. पोटऱ्या दाबल्या तर कळवळला. शिरेतून १०० मिलिग्रॅम थायमिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लघवीची पिशवी दोनदा रिकामी करावी लागली, तिसऱ्या दिवशी उशीविना झोपला. हृदय इतक्या लवकर वळतं. पाय मात्र कित्येक महिने लटपटत होते, पूर्ण बरे झालेले मी पाहिले नाहीत.

प्रोटीन_फर्स्ट, १२:५१
एका पेशंटवरून नियम करता का सर? तो दारुडा होता, प्रथिनंही कमी असणारच.

वॉर्डातला_म्हातारा, १३:०७
असतीलच. पण प्रथिनं दिली नव्हती, फक्त थायमिन दिलं होतं, आणि सूज तेवढ्यावर उतरली. हीच त्याची परीक्षा.

तुमच्या बाजूने एक मोठा माणूस मात्र आहे. जपानी नौदलाचे डॉक्टर ताकाकी. १८८२-८३ च्या सफरीत त्यांच्या र्‍यूजो जहाजावर ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली, २५ मेले. ताकाकींनी पुढच्या जहाजाला त्याच मार्गाने पाठवलं, पण भाताऐवजी सातू, मांस, दूध देऊन, आणि रोग जवळजवळ गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की प्रथिनं कमी पडत होती. उपाय बरोबर, कारण चूक. ब१ तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

भातखाऊ, १३:१५
म्हणजे भातच ना शेवटी! मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

वॉर्डातला_म्हातारा, १३:२२
निम्मं बरोबर. उकडा वाचवतो हे खरं, कोंड्यामुळे मात्र नाही. साळ भिजवून वाफवली की कोंड्यातलं ब१ पाण्याबरोबर दाण्यात शिरतं, मग वरून पॉलिश केलं तरी बरंचसं आत राहतं. आंध्रच्या किनाऱ्यावर कच्चा गिरणीचा तांदूळ खात, तिथे पूर्वी बेरीबेरी होती. आणि ब१ पाण्यात विरघळतं. तुम्ही उकडा चार वेळा धुऊन, वर पेज काढून टाकत असाल, तर ताकद मोरीत जाते.

भातखाऊ, १३:२६
पेज आम्ही पितो. मीठ घालून. टाकत कोण नाही.

दात_आणि_बात, १३:३३
स्कर्व्हीच्या वर्णनात हिरड्या कशा नाहीत? हिरड्यांतून रक्त म्हणजे क जीवनसत्त्व, सातवीपासून पाठ आहे. रोज एक आवळा खा म्हणावं.

वॉर्डातला_म्हातारा, १३:४१
पेपर काढणाऱ्याने तिथे डोकं चालवलंय. पुण्यात हिरड्यांतून रक्त येणाऱ्या शंभरांतले बहुतेक नीट ब्रश न करणारे असतात. ज्याला दातच नाहीत त्या आजीला स्कर्व्ही झाली तरी हिरड्या शांत राहू शकतात. केसाच्या मुळाभोवती रक्ताचा ठिपका आणि स्क्रूसारखा वळलेला केस मात्र दुसऱ्या आजारात सहसा दिसत नाही. जुनी जखम उघडणं हेही क चंच, कारण जखम भरून राहायला ते सतत लागतं.

दात_आणि_बात, १३:४४
आवळा खाऊन वाईट तर होणार नाही ना कोणाचं.

सिंहगडरोड_त्रस्त, १३:५०
माझं राहिलंच.

नवी_पेठ_अभ्यासिका, १३:५८
काका, माझ्या आईला असंच व्हायचं. लाइट आल्यावर दिपतं, की लाइट नसतानाही अंधुक प्रकाशात दिसत नाही? संध्याकाळी घरात दिवा लावण्याआधी तांब्या सापडतो का?

सिंहगडरोड_त्रस्त, १४:०३
तांब्या सापडतो. लाइटचाच त्रास.

वॉर्डातला_म्हातारा, १४:१०
मग अ ची कमतरता वाटत नाही. ५६ व्या वर्षी दिपायला लागलं की आधी मोतीबिंदू तपासा. अ च्या गोळ्या मनाने घेऊ नका. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि जास्त झालं तर त्यालाच त्रास देतं. सिस्टर, तुम्हालाही हा साठ्याचा हिशेब उपयोगी पडेल. ब१ चा साठा दोन-तीन आठवड्यांचा, क चा दोन-तीन महिन्यांचा, अ चा कित्येक महिने टिकतो. म्हणून लग्नसराईत महिनाभर पिणाऱ्याला बेरीबेरी होऊ शकते, रातांधळेपणा नाही.

घाईतली_सिस्टर, १४:३१
ठीक आहे, २ मान्य. पण मग ४ चं काय? कोरड्या बेरीबेरीत तळपायांची आग होतेच ना? मी त्यावर आक्षेप घेऊ शकते की, दोन उत्तरं होतात म्हणून.

वॉर्डातला_म्हातारा, १४:४८
होते. पण नुसती तळपायांची आग, रात्री वाढणारी, हे जुनं वेगळं वर्णन आहे. १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी अशा रुग्णांना पॅन्टोथेनिक आम्लाच्या इंजेक्शनांनी फायदा झाल्याचं लिहिलं, तेव्हापासून पुस्तकं ते ब५ च्या नावावर टाकतात. पेपर काढणाऱ्याने तेच डोक्यात ठेवून जास्तीचं वर्णन घातलंय. २ इतकं भरलेलं असताना ४ निवडणं मला पटत नाही.

मधुमेह_पंधरा_वर्षे, १४:५५
माझे तळपाय रोज रात्री जळतात आणि माझं ब५, ब१ सगळं नॉर्मल आहे. साखर आहे फक्त. चौथ्या वर्णनाला मधुमेह हाच पर्याय हवा होता.

प्रोटीन_फर्स्ट, १५:०२
म्हणजे प्रश्नच सदोष. आक्षेप घ्याच सिस्टर. एकटं लक्षण तीन आजारांत येतं तर ते जोडीत टाकायचंच नाही.

वॉर्डातला_म्हातारा, १५:१६
तीन आजारांत येतं म्हणूनच ते जास्तीचं आहे. पण तुमचे पैसे, तुमचा प्रश्न.

घाईतली_सिस्टर, १७:३८
भरले पैसे. आक्षेपात सूज लिहिलीच नाही. कोरड्या बेरीबेरीत तळपायांची आग होते, एवढंच लिहिलं आणि पुस्तकाचं पान जोडलं. गंमत म्हणजे त्याच पानावर खाली ओल्या बेरीबेरीचा परिच्छेद होता, तो स्कॅनमध्ये आलाय. आता काय व्हायचं ते होईल.

नवी_पेठ_अभ्यासिका, १७:४१
तो परिच्छेद कापायचा होता ना!

घाईतली_सिस्टर, १७:४३
सर्व्हर हँग होत होता. पुन्हा अपलोड करायची हिंमत नव्हती.

सिंहगडरोड_त्रस्त, १७:५०
डोळ्यांचे चांगले डॉक्टर कोणी सुचवेल का, वडगावच्या आसपास?